Ctrl+D एकच, पण प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं का वागतं

ठाणे स्टेशनच्या आसपास फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि रेडियम कटिंगची जी दुकानं आहेत तिथं डिझाईनला अजूनही कोरल ड्रॉच चालतं, आणि तिथंच हात बसलेला मुलगा महापे किंवा ऐरोलीच्या एखाद्या ऑफिसात लागला की पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर इलस्ट्रेटर नाहीतर फिग्मा येतं. माऊस, पेन टूल, नोड्स वगैरे दोन दिवसांत जमतं, पण डावा हात ऐकत नाही. ग्रुप सोडायला सवयीने Ctrl+U दाबतो आणि ग्रुप तसाच राहतो, उलट स्मार्ट गाईड्स चालू नाहीतर बंद होतात, कारण इलस्ट्रेटरमध्ये Ctrl+U त्यांच्यासाठी आहे. Ctrl+D दाबतो तर कॉपी येतच नाही, किंवा आधी केलेलं भलतंच काहीतरी परत होतं. मग शेजारचा सांगतो, "अरे इथे Alt धरून ओढायचं रे." हे असं का, तर या कीज एका माणसाने एका बैठकीत ठरवलेल्या नाहीत, त्या वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळ्या काळात चिकटत गेल्यात.

सुरुवात कीबोर्डवरच्या या शॉर्टकटच्याही आधीची आहे. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंडने आपल्या पीएचडीसाठी स्केचपॅड केलं, टीएक्स-२ नावाच्या खोलीभर कॉम्प्युटरवर. त्यात उजव्या हातात लाईट पेन आणि डाव्या हाताशी बटणांची पेटी असायची, पेनने जागा दाखवायची आणि काय करायचं ते बटणाने सांगायचं, म्हणजे एक हात कुठे सांगणार आणि दुसरा हात काय सांगणार ही आपली आजची पद्धत तिथेच होती. आणि कॉपीसुद्धा होती, पण ती मूळ आकृतीला बांधलेली, मूळ बदललं की सगळ्या कॉपी बदलणार. इंकस्केपमध्ये आज Alt+D ने जो क्लोन निघतो तो याच जातीचा, आणि मला विचाराल तर रोजच्या कामात तो जितका वापरला जायला हवा त्याच्या पावपटही वापरला जात नाही.

मग १९८४ ला मॅकिंटॉश आला, त्याच्यासोबत मॅकपेंट आणि मागोमाग मॅकड्रॉ. या दोघांनी दोन वेगळ्या सवयी लावल्या आणि आपला सगळा गोंधळ त्यातूनच आलाय. बिल ॲटकिन्सनच्या मॅकपेंटमध्ये निवडलेला तुकडा Option धरून ओढला की कॉपी निघायची, मॅकच्या माऊसला बटणच एक होतं त्यामुळे वेगळं काही करायचं तर कीबोर्डवरची एखादी की धरणं हाच मार्ग होता. मॅकड्रॉमध्ये मात्र चित्र म्हणजे सुट्या सुट्या वस्तू, आणि तिथे मेनूत डुप्लिकेट नावाची सरळ कमांड होती, Command+D. पडद्यावर एक चौकोन आहे, D दाबला की दुसरा चौकोन, एवढं साधं.

१९८७ ला ॲडोबीचं इलस्ट्रेटर आलं, तेही मॅकवरच, पण त्याचा जन्म पोस्टस्क्रिप्टच्या घरातला, म्हणजे पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणाऱ्या ॲडोबीच्याच भाषेच्या. पोस्टस्क्रिप्टमध्ये महत्त्वाची असते ती क्रिया, म्हणजे इतकं सरकव, इतकं फिरव, इतकं मोठं कर. इलस्ट्रेटरचा Command+D हा डुप्लिकेट नाहीच, तो ट्रान्सफॉर्म अगेन आहे, आधीची क्रिया परत कर. त्या क्रियेत कॉपी काढणं असेल तर परत कॉपी निघेल, नसेल तर नुसतं सरकेल किंवा फिरेल. म्हणून कोरलवाल्याला वाटतं की Ctrl+D बिघडलंय. बिघडलेलं नसतं, त्याला परत करायला काही दिलेलंच नसतं. आणि कॉपीसाठी त्यांनी ती मॅकपेंटची Option धरून ओढायची सवय उचलली, विंडोजवर ती Alt झाली.

कोरल ड्रॉ १९८९ चं, कॅनडातल्या ओटावाचं, आणि ते पहिल्यापासून विंडोजचं. विंडोजच्या पीसीला दोन बटणांचा माऊस आणि उजवीकडे नंबर पॅड, आणि कोरलने दोन्हीचा पुरेपूर वापर केला. वस्तू ओढता ओढता उजवं बटण टिचकवलं की तिथे कॉपी पडते, नंबर पॅडवरचा + दाबला की जागच्या जागी कॉपी होते, आणि Ctrl+D ने कॉपी थोडी बाजूला सरकून येते. परत कर साठी त्यांनी Ctrl+R ठेवला. म्हणजे इलस्ट्रेटरमधला D हा कोरलमधल्या R चा भाऊ आहे, हे एवढं कळलं तरी अर्धी चिडचिड कमी होते.

आता हे हातात घेऊन बघू. समजा व्हिजिटिंग कार्ड आहे, ९० बाय ५४ मिलिमीटर, चारी बाजूंनी १ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना कड पांढरी राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला रंग, धरून ९२ बाय ५६, आणि ते १३ बाय १९ इंचाच्या डिजिटल शीटवर लावायचंय. आडवी तीन आणि उभ्या आठ ओळी, एकूण २४ कार्डं, २७६ बाय ४४८ मिलिमीटर होतात आणि शीट साधारण ३३० बाय ४८३ चं, म्हणजे कडेला कटिंगच्या खुणांनाही जागा उरते. इलस्ट्रेटरमध्ये आधी पूर्ण कार्ड Ctrl+G ने ग्रुप करायचं, सिलेक्शन टूल हातात असताना Enter दाबला की मूव्हची खिडकी उघडते, आडवं ९२, उभं ० टाकायचं आणि OK न दाबता Copy दाबायचं. दोन कार्डं झाली. Ctrl+D एकदा, तीन झाली. मग तिन्ही निवडून ग्रुप, परत मूव्ह, यावेळी आडवं ० उभं ५६, Copy, आणि Ctrl+D सहा वेळा, आठ ओळी तयार. मध्येच एखादं कार्ड जरासं हलवलंत तर मात्र D ला आता ते हलवणंच आठवतं आणि पुढचा Ctrl+D कॉपी न काढता नुसतं सरकवतो, तेव्हा मागे Ctrl+Z करून परत मूव्हपासून यायचं.

कोरलमध्ये हेच काम Ctrl+Shift+D ने, स्टेप अँड रिपीट, आधी आडवं ९२ च्या दोन कॉपी आणि मग सगळं निवडून उभं ५६ च्या सात कॉपी. किंवा काहीच निवडलेलं नसताना वरच्या पट्टीत डुप्लिकेट डिस्टन्स दिसतं तिथे ९२ आणि ० टाकून ठेवलं की साधा Ctrl+D पण बरोबर जागी टाकतो. दुकानातले जुने लोक हेच करतात, फक्त पुढच्या कामाला आकडा परत बदलायचा राहतो आणि मग "कॉपी कुठे गेली" म्हणून शीटभर शोधाशोध.

इंकस्केपची गोष्ट वेगळी. ते २००३ ला सोडीपोडी नावाच्या जुन्या प्रोजेक्टमधून फुटून निघालं, आणि त्यात Ctrl+D ची कॉपी अगदी मूळच्या डोक्यावर बसते. पडद्यावर काही म्हणजे काहीच बदलत नाही, मग माणूस परत दाबतो, परत दाबतो. कोरलच्या + ने पण हेच होतं. कागदावर छापताना भरीव रंगाला फरक पडत नाही, पण रेडियमच्या कटरला पाठवलं की ब्लेड त्याच रेषेवरून दोनदा फिरतं, खालचा कागदही कापला जातो आणि अक्षरं उचलताना सगळं फाटत येतं. आधीच ओळखायचं असेल तर सगळं निवडून खालच्या पट्टीत ऑब्जेक्ट्स किती ते बघायचे, आठ अक्षरांच्या नावाला सोळा दिसले तर झालं. अर्धपारदर्शक रंग असेल तर तो जास्त गडद दिसतो, ती पण खूण आहे.

बाणाने सरकवणं, म्हणजे नज, याला इतिहास फार नाही पण एक गंमत आहे. १९८४ च्या पहिल्या मॅकच्या कीबोर्डवर बाणाच्या कीज नव्हत्याच, लोकांनी माऊसच वापरावा म्हणून त्या मुद्दाम ठेवल्या नव्हत्या, त्या १९८६ च्या मॅक प्लसच्या कीबोर्डवर आल्या. आज इलस्ट्रेटरमध्ये बाण एक पॉइंट सरकवतो आणि Shift धरला की दहापट, आणि Alt धरून बाण दाबला तर सरकलेली कॉपी निघते, हे पुष्कळांना माहीत नसतं. कोरलमध्ये Shift ने मोठी उडी, Ctrl ने बारीक. इंकस्केपमध्ये नुसता बाण ठरलेल्या अंतराने सरकवतो पण Alt धरला की तो पडद्यावरच्या एका पिक्सेलएवढा सरकतो, म्हणजे जितकं झूम कराल तितकं अंतर कमी. डोळ्याने बसवायला हे फार छान, पण सारखं अंतर पाहिजे असेल आणि मध्ये झूम बदललंत तर चार वेळा Alt+बाण म्हणजे दरवेळी वेगळं माप, आणि प्रिंट हातात येईपर्यंत कळत नाही.

अलाइनमध्ये मात्र कोरल सरळ पुढे आहे असं माझं मत. एकेका अक्षराची की आहे, L R T B म्हणजे डावं उजवं वर खाली, C आणि E मध्यावर, P दाबलं की पानाच्या मधोमध. अट एकच, कर्सर टेक्स्टमध्ये नको, नाहीतर पत्रिकेत नवरीच्या नावापुढे एक C येऊन बसतो. दुसरं म्हणजे कोरल शेवटी निवडलेल्या वस्तूला स्थिर धरतं आणि बाकीच्या तिच्याकडे जातात, म्हणून Shift धरून निवडताना जी हलायला नको ती शेवटी क्लिक करायची. माऊसने चौकट ओढून सगळं एकदम निवडलं तर हा क्रमच राहत नाही आणि कोणती वस्तू स्थिर राहील ते आपल्या हातात उरत नाही, लोगो जागचा का हलला त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. इलस्ट्रेटरने अलाइनला वर्षानुवर्षं तयार की दिलीच नाही, पॅनलमध्ये जाऊन क्लिक करा. तिथे सगळं निवडल्यावर जी वस्तू स्थिर ठेवायची तिच्यावर Shift न धरता परत एकदा क्लिक करायचं, मग तिच्याभोवती जाड कड दिसते. फिग्माने Alt सोबत W A S D घेतलं, वर डावं खाली उजवं, गेम खेळलेल्या पोरांना शिकवावंच लागत नाही.

ग्रुपला Ctrl+G सगळीकडे सारखंच आहे, भांडण आहे ते सोडण्याचं. कोरलला Ctrl+U, इलस्ट्रेटरला Ctrl+Shift+G, आणि इंकस्केप दोन्ही चालवून घेतं, कारण तिकडे येणारा माणूस कुठून तरी हात बसवूनच आलेला असतो हे त्यांनी धरलेलं आहे. त्यांच्या Preferences मध्ये Interface खाली Keyboard उघडलं तर कोरल, इलस्ट्रेटर, झारा, इतकंच काय बंद पडलेल्या फ्रीहँडच्या पण कीज तयार मिळतात. पण की बदलते, वागणं बदलत नाही, कोरलचा संच लावला तरी इंकस्केपची डुप्लिकेट मूळच्या डोक्यावरच बसणार, तेव्हा कटरला फाइल पाठवायच्या आधी तो खालच्या पट्टीतला आकडा बघायचाच.