इस्त्रीखाली चमकलेला विंडचीटर

गेल्या पावसाळ्यानंतर मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सुती शर्टांच्या गठ्ठ्यात भाच्याचा नायलॉनचा विंडचीटरही देऊन टाकला. चूक माझीच. कोळशाच्या इस्त्रीला तापमानाचं बटण नसतं. इस्त्रीवाला पाणी शिंपडतो, चर्र आवाजावरून अंदाज घेतो, आणि त्याचा हात बसलेला असतो सुती कपड्यांवर. विंडचीटर परत आला तेव्हा पाठीवर तळहाताएवढा डाग होता. रंग गेला नव्हता. तेवढा भाग नुसता चकाकत होता आणि बोट फिरवलं की पुठ्ठ्यासारखा कडक लागत होता. दोनदा धुतला, पण डाग तसाच राहिला.

याच विंडचीटरचा एक धागा त्याआधी राजमाचीच्या वाटेवर करवंदीच्या काट्याने ओढला होता. आणि त्याच ट्रेकला भाच्याच्या पाठीवरची सॅक, तीही नायलॉनचीच, आठ किलो सामान घेऊन दिवसभर काट्याकुट्यांतून, कातळावर घासत गेली तरी तिला काही झालं नाही. एकाच पदार्थाचे हे दोन स्वभाव कसे?

नायलॉन म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने 28 फेब्रुवारी 1935 रोजी तो पहिल्यांदा बनवला. नायलॉन वितळवून बारीक भोकांतून दाबला की शेवया पडतात तशा तारा पडतात. पण या ताज्या तारेत फारसा जोर नसतो, कारण आतल्या साखळ्या वाटेल तशा गुंतलेल्या असतात. मग ती थंड झालेली तार चौपट-पाचपट ताणतात. ताणताना साखळ्या सरळ होऊन शेजारी शेजारी ओळीने लागतात आणि ठरावीक अंतरावर एकमेकींना धरतात. या पकडीला हायड्रोजन बंध म्हणतात. एकेक बंध कमजोर असतो, पण ते इतके असतात की तार लांबीच्या दिशेने तोडणं अवघड होऊन बसतं. सगळ्याच साखळ्या मात्र शिस्तीत येत नाहीत. मधे मधे विस्कटलेले पट्टे राहतात आणि त्यांच्यामुळे तारेला लवचिकपणा येतो. हे दोन भाग लक्षात ठेवा. पुढे इस्त्रीच्या गोष्टीत त्यांचं काम आहे.

1938 मध्ये नायलॉनची घोषणा झाली तेव्हा तो पोलादासारखा मजबूत आणि कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम असल्याचं सांगितलं गेलं. 15 मे 1940 ला अमेरिकाभर नायलॉनचे स्टॉकिंग्ज विक्रीला आले आणि बायकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. वजनाच्या मानाने पाहिलं तर मजबुतीची ती बढाई फार खोटी नव्हती. घोळ आहे तो जाडीचा.

धाग्याची जाडी डेनिअरमध्ये सांगतात. 9000 मीटर धाग्याचं जितके ग्रॅम वजन, तितका त्याचा डेनिअर. पारदर्शक स्टॉकिंग्जचा धागा साधारण 15 डेनिअरचा असतो. म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्या दिशेने 9 किलोमीटर चालत जाताना हा धागा सोडत गेलात, तर खर्च होईल तो 15 ग्रॅमचा, चार चमचे साखरेएवढा. जाडीचा हिशोब केला तर ती एक मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास येते. चांगला ताणलेला नायलॉन दर डेनिअरमागे सुमारे 5 ग्रॅम वजन पेलतो, म्हणजे आपला हा धागा 75 ग्रॅमच्या आसपास तुटणार. दीड अंडं! कडा फुटलेल्या नखाला किंवा अंगठीच्या कोपऱ्याला एवढा जोर लावायला काहीच लागत नाही. सॅकच्या कापडात 500 किंवा 1000 डेनिअरचे धागे असतात, आणि त्यांतला एकेक धागा काही किलोंना दाद देत नाही. (बारीक शेवेला ‘नायलॉन शेव’ म्हणणाऱ्यांनी या पदार्थाची जाडी बरोबर हेरली, मजबुती मात्र मोडीत काढली.)

स्टॉकिंगमध्ये आणखी एक अडचण आहे. ते मागावरचं कापड नसतं, स्वेटरसारखं टाक्यांनी विणलेलं असतं. प्रत्येक टाका शेजारच्या ओळीतल्या टाक्यात अडकून उभा असतो. एक तुटला की त्याच्या आधाराने उभा असलेला सुटतो, मग त्याच्या पुढचा. उभी शिडी पळते. स्वेटर विणताना सुईवरून टाका निसटला तर लोकर खरखरीत असल्याने तो बराच वेळ जागेवर थांबतो. नायलॉनचा धागा गुळगुळीत, त्यात कापड पायावर ताणलेलं, म्हणून पाऊल टाकायच्या आत शिडी घोट्यापर्यंत पोचते. शिडीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब लावायची जुनी युक्ती खरोखर चालते, कारण त्याने शेवटचा धड टाका जागेवर चिकटतो. तो थेंब कापड पायावरून काढून लावावा, नाहीतर ते त्वचेलाच चिकटतं.

विंडचीटरमध्ये शिडी पळत नाही. तिथे काटा धाग्याला पकडतो, आणि गंमत अशी की धागा मजबूत आहे म्हणूनच नुकसान दिसतं. सुती धागा आखूड तंतूंना पीळ देऊन केलेला असतो, त्यामुळे काट्याने ओढला तर बहुधा तिथल्या तिथे तुटतो. नायलॉनच्या धाग्यातल्या तारा अखंड असतात. तो तुटत नाही, दोन्ही बाजूंनी खेचला जातो. म्हणून वर सेंटिमीटरभर फासा उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कापडावर बारीक चुणीची रेघ दिसते. ही रेघ म्हणजे फाशात गेलेला धागा जिथून आला ती जागा.

हात शिवशिवतात, पण फासा कात्रीने कापू नये. कापला की दोन गुळगुळीत टोकं आत सरकतात आणि महिन्याभरात तिथे छिद्र दिसतं. त्याऐवजी चुणीच्या रेघेवर, फाशापासून लांबच्या टोकाला कापड दोन चिमटीत धरून रेघेच्या दिशेने हलकेच ताणावं आणि तसंच फाशाकडे सरकत यावं. मग दुसऱ्या बाजूने. धागा थोडा थोडा परत वाटला जातो. भाच्याच्या विंडचीटरचा फासा असा पाच मिनिटांत तांदळाच्या दाण्याएवढा झाला. उरलेला बोथट सुईने मागच्या बाजूला ढकलला. अशा कपड्याचा रोजचा शत्रू करवंद नव्हे, वेलक्रो. वेलक्रोची खरखरीत आकड्यांची पट्टी उघडी ठेवून कपडे मशीनमध्ये टाकले की ती शेजारचं सगळं ओरबाडते. वेलक्रो आणि चेन लावून, कपडा उलटा करून जाळीच्या पिशवीत घातला की बहुतेक फासे टळतात.

आता इस्त्री. मघाचे दोन भाग उष्णतेला वेगवेगळ्या पायऱ्यांवर दाद देतात. विस्कटलेला भाग कोरड्या नायलॉनमध्ये साधारण 50 अंश सेल्सिअसलाच सैल होऊ लागतो. शिस्तीतला भाग टिकतो तो वितळण्यापर्यंत: नायलॉन 6 या प्रकारात सुमारे 220 अंश, नायलॉन 6,6 मध्ये 260 च्या आसपास. लेबलवर यांतला कुठला ते बहुधा लिहिलेलं नसतं, नुसतं पॉलिअमाइड म्हटलेलं असतं, म्हणून कमी आकडाच धरावा. त्यातही वितळण्याच्या बऱ्याच आधी तारा मऊ होऊन चिकटू लागतात. सुती कपड्याची इस्त्री 200 अंशांपर्यंत जाते. तिच्या वजनाखाली गोल तारा चपट्या झाल्या आणि एकमेकींना चिकटल्या, म्हणून कापड कडक झालं आणि आरशासारखा सपाट पृष्ठभाग चकाकू लागला. हे परत फिरत नाही. इस्त्रीच्या चिन्हातला एक टिंब म्हणजे सुमारे 110 अंशांची मर्यादा. नायलॉनला तेवढीच, तीही उलट्या बाजूने, मधे सुती फडकं ठेवून.

खालची पायरी जास्त फसवी आहे, कारण पाणी तिला आणखी खाली ओढतं. नायलॉन हवेतूनही थोडं पाणी घेतो. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मधे शिरून त्यांच्या पकडी सोडवतात, त्यामुळे पूर्ण भिजलेल्या नायलॉनचा विस्कटलेला भाग घरातल्या तापमानालाही सैल असतो. नायलॉनचा तंबू पावसात सैलावतो आणि ताणाचे दोर पुन्हा ओढावे लागतात ते यामुळेच. मशीनमध्ये 60 अंशांच्या पाण्यात विंडचीटर चुरगळला, मग थंड पाणी आलं, जोरात पिळला गेला आणि तसाच वाळला, तर त्या चुण्या साखळ्यांच्या लक्षात राहतात. कारखान्यात हाच गुण मुद्दाम वापरतात: विणलेलं स्टॉकिंग पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवून गरम वाफ देतात आणि टाच, पोटरी कायमची बसवतात. ज्या तापमानाला घडी बसली त्याहून थोडं जास्त दिल्याशिवाय ती मोडत नाही. म्हणून 30 अंशांचं पाणी, हलकं पिळणं आणि लगेच झटकून हँगरवर. ओला नायलॉन दहा-पंधरा टक्के कमजोरही असतो, तेव्हा पिळे घालू नयेत.

वाळवायचा तो सावलीत. उन्हातली अतिनील किरणं साखळ्या तोडतात. आधी पांढरा नायलॉन पिवळट पडतो, मग जुन्या दोरीसारखा हाताने तुटतो. क्लोरीनचं ब्लीच त्याहून लवकर हेच करतं, त्यामुळे पिवळेपणावर ब्लीच हा उपाय अगदी उलटा.

ठिणगीपुढे मात्र इलाज नाही. फुलबाजीची ठिणगी सुती सदऱ्यावर काळा ठिपका पाडते, विंडचीटरला सरळ आरपार भोक पाडते. दुचाकीच्या तापलेल्या सायलेन्सरला टेकलेली सॅक तिथेच चिकटून राहते. वितळलेला नायलॉन कातडीलाही तसाच चिकटतो आणि भाजत राहतो. शेगडीजवळ नायलॉनची साडी किंवा ओढणी नको ती याच कारणाने.

सॅकच्या आतून पांढरे पापुद्रे पडायला लागले, कुबट वास यायला लागला, की लोक म्हणतात नायलॉन सडला. नायलॉन नसतो सडलेला. आतून दिलेला पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेतल्या पाण्याने हळूहळू फुटत जातो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कपाटात ओलसर घडी करून ठेवलेल्या सॅकचं हे काही वर्षांत होतंच. गरम पाण्याने आणि मशीनने ते लवकर होतं, म्हणून सॅक ओल्या फडक्याने पुसावी आणि उघडी, उलटी टांगून पूर्ण वाळवावी.

आणि सॅकच्या पट्ट्याचं टोक उसवलं असेल तर मेणबत्ती घ्या. टोक ज्योतीच्या बाजूला, ज्योतीत नव्हे, दोन-तीन सेकंद धरलं की तारा वितळून एकमेकींना चिकटतात. ज्या गुणाने विंडचीटर गेला, त्याच गुणाने पट्टा वाचतो. बोटाने दाबू मात्र नका, चमच्याची मागची बाजू वापरा.