‘सुरक्षितता सिद्ध झालेली नाही’ म्हणजे नेमकं काय?

भाचीचा फोन रात्री साडेअकराला आला. बाळंत होऊन तीन आठवडे झालेले. टाके दुखत होते म्हणून डॉक्टरांनी आयबुप्रोफेनची 400 मिलिग्रॅमची गोळी दिली होती. नवऱ्याने पाकिटातली इंग्रजी चिठ्ठी उलगडली आणि तिला मराठीत वाचून दाखवली. “मावशी, कालपासून बाळाला अंगावर पाजलं नाहीये गं. दूध पिळून मोरीत ओततेय.” छाती दगडासारखी झालेली, बाळ पावडरच्या दुधावर, आणि दोघंही रडतायत.

चिठ्ठीत घाबरवणारी वाक्यं दोनच होती. औषध आईच्या दुधात उतरतं, हे एक. स्तनपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये सुरक्षितता सिद्ध झालेली नाही, हे दुसरं. नवऱ्याचं भाषांतर चोख होतं. मी फार्मसी शिकलेली आहे आणि औषधांच्या माहितीपत्रकांचं मराठी तपासून पोट भरते. मीसुद्धा हेच लिहिलं असतं, किंबहुना कित्येकदा लिहिलंही आहे.

गोची ‘नाही’ या शब्दात आहे. ‘सुरक्षितता सिद्ध झालेली नाही’ याचा कायदेशीर अर्थ इतकाच, की कंपनीने बाळंतिणींवर रीतसर चाचणी करून परवाना देणाऱ्या यंत्रणेपुढे मांडलेली नाही. बहुतेक औषधांची तशी चाचणी होतच नाही, कारण अंगावर पाजणाऱ्या बाईला प्रयोगात कोण घेणार? म्हणजे वाक्य बोलतंय पुराव्याच्या कागदाबद्दल. पण आपण मराठीत वाक्याच्या शेवटाकडे बघतो, शेवटी ‘नाही’ दिसतं आणि मनात उरतं ‘सुरक्षित नाही’. ‘माहीत नाही’चं ‘धोकादायक आहे’ होतं, आणि एकही शब्द चुकलेला नसतो.

आता पहिलं वाक्य. दुधात उतरतं, हे खरंच. पण किती? चिठ्ठी हे सांगत नाही, आणि सगळा प्रश्न तर तिथेच आहे.

1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा बायकांना दर सहा तासांनी 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलं आणि त्यांचं दूध तपासलं. त्या काळच्या यंत्राला लिटरमागे 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी औषध दिसत नसे. त्याला काहीच दिसलं नाही. आपण कंजूष हिशोब करू आणि धरून चालू, की लिटरमागे अगदी 1 मिलिग्रॅम औषध दिवसभर होतंच. तान्हं बाळ दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 150 मिलिलिटर दूध पितं. म्हणजे बाळाच्या पोटात गेलं किलोमागे 0.15 मिलिग्रॅम, तेही अख्ख्या दिवसात. हेच औषध जरा मोठ्या बाळांना तापासाठी देतात, तेव्हा एका वेळचा डोस किलोमागे 5 ते 10 मिलिग्रॅम असतो. आईच्या बाजूनेही बघू. दिवसाला 1600 मिलिग्रॅम, वजन 55 किलो, म्हणजे किलोमागे सुमारे 29 मिलिग्रॅम. बाळाला त्याचा अर्धा टक्का मिळाला. या आकड्याला सापेक्ष शिशुमात्रा म्हणतात आणि तो 10 टक्क्यांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे चालतं, असा संकेत आहे. तो काही निसर्गनियम नव्हे. औषध मुळातच विषारी असेल तर 1 टक्काही जास्त होतो.

इतकं कमी का उतरतं, हा माझा आवडता भाग, त्यामुळे थोडं लांबेल. आयबुप्रोफेनचे 100 रेणू रक्तात असतील तर त्यातले 99 हून जास्त अल्बुमिन या प्रथिनाला चिकटलेले असतात. अल्बुमिन म्हणजे भरलेली एसटी. ती रक्ताच्या रस्त्यावरून धावते, पण स्तनातल्या पेशींच्या बोळात शिरू शकत नाही. बोळात जातो तो उतरलेला प्रवासी, शंभरात जेमतेम एक. त्यालाही अडसर आहेच. आयबुप्रोफेन सौम्य आम्ल आहे आणि रक्तात त्याचे बहुतेक रेणू विद्युतभारित असतात. पेशीचं आवरण स्निग्ध असतं, त्यातून भारित रेणू सहजी जात नाही. भार नसलेला जातो, आणि तसे रेणू हजारात साधारण एक. हे मोजके रेणू पलीकडे दुधात गेले की तिथे पुन्हा काहींना भार चढतो. पण दूध रक्तापेक्षा किंचित आंबट असतं, सामू 7.4 ऐवजी 7.1 च्या आसपास. आंबट जागी आम्लाला भार कमी चढतो, म्हणून तिथे अडकून राहणारे रेणूही कमी, रक्तातल्या सुट्या रेणूंच्या साधारण निम्मे. (ज्यांचा सामूशी दहावीनंतर संबंध आला नाही त्यांनी हे ओलांडून पुढे जावं.) एक टक्का सुटा, त्याचा निम्मा दुधात. 400 ची गोळी घेतल्यावर रक्तात लिटरमागे तीसेक मिलिग्रॅमपर्यंत औषध चढतं. त्याचा अर्धा टक्का म्हणजे 0.15 मिलिग्रॅम. 1984 च्या यंत्राला का दिसलं नाही ते कळलं ना? शिवाय दर दोन तासांनी रक्तातलं औषध निम्मं होत जातं. सौम्य अल्कली असलेल्या औषधांचं मात्र उलट होतं, ती आंबट दुधात अडकून साठतात. म्हणून एका औषधाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही.

भाचीला मी हे सगळं अर्थातच सांगितलं नाही. तिला जठराचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नव्हता, बाळ पूर्ण दिवसांचं आणि धडधाकट होतं. सांगितलं, “पाज आता.”

पण हीच भाची सात महिन्यांची गरोदर असताना हीच गोळी घेऊ का म्हणून विचारती, तर मी पहिल्या वाक्यात ‘नको’ म्हटलं असतं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून हृदयातून निघालेलं रक्त फुप्फुसांना वळसा घालून एका छोट्या नळीतून थेट महाधमनीत जातं. ही नळी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं उघडी ठेवतात. आयबुप्रोफेन वेदना थांबवतं तेच मुळी प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखून. शेवटच्या तिमाहीत नळी वेळेआधी मिटू शकते. त्याच्याही आधी, विसाव्या आठवड्यापासून, बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, कारण तोवर गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचंच बनलेलं असतं. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर 2020 मध्ये 20 आठवड्यांनंतर ही औषधं टाळायला सांगितलं ते यासाठी. आणि वारेतून जाणारं औषध दुधासारखं थेंबाथेंबाने पोचत नाही.

म्हणजे एकाच गोळीला एका काळात ‘टाळा’ आणि दुसऱ्या काळात ‘चालेल’. आपल्याकडची पत्रकं मात्र ‘गर्भावस्था व स्तनपान’ असा एकच मथळा देतात आणि खाली एकच वाक्य. भाषांतरकाराच्या हाती लागलं तर पहिलं काम हा मथळा दोन तुकड्यांत फोडायचं.

नेमकं वर्णन करून सांगणं एफडीएलाही उशिराच सुचलं. 1979 पासून तिथे औषधांना ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं होती. लोक ती शाळेच्या गुणपत्रिकेसारखी वाचत. पण सी म्हणजे कमी गुण नव्हते. प्राण्यांमध्ये काही दिसलं आणि माणसांचा पुरावा नाही, किंवा प्राण्यांचाही नाही, अशी सगळी औषधं सीच्या पोत्यात भरलेली. एक्समध्ये तर गर्भनिरोधक गोळ्याही होत्या. त्यांनी बाळाला व्यंग येतं म्हणून नव्हे, तर गरोदर बाईला त्यांचा काही उपयोग नाही म्हणून. दिवस गेल्याचं उशिरा कळलं आणि तोवर गोळ्या चालू होत्या, अशा बाईने तो एक्स वाचला तर काय होईल? 30 जून 2015 पासून नव्या पत्रकांतून अक्षरं काढायला सुरुवात झाली. अक्षराच्या जागी वर्णन आलं. ऑस्ट्रेलियात अक्षरं अजून आहेत, पण तिथल्या सीचा अर्थ वेगळा आहे. मराठी लेखांत ‘कॅटेगरी सी, सावधान!’ असं लाल अक्षरांत दिसलं, की कुठल्या देशाचा सी, हे विचारायला हरकत नाही.

भीती किती फुगते याचंही मोजमाप झालं आहे. 1989 साली टोरांटोच्या संशोधकांनी ज्यांनी व्यंग न आणणारी औषधं घेतली होती अशा गरोदर स्त्रियांना विचारलं, तुमच्या बाळाला मोठं व्यंग असण्याची शक्यता किती वाटते? उत्तरांची सरासरी आली 24 टक्के. कुठलंही औषध न घेता ही शक्यता असते सुमारे 3 टक्के. म्हणून मी आता जिथे जमेल तिथे ‘धोका’ हा शब्द काढते आणि मोजून लिहिते: ‘कोणतंही औषध न घेतलेल्या 100 मातांपैकी सुमारे 3 बाळांना मोठं जन्मजात व्यंग असतं, 97 ना नसतं. हे औषध घेतल्यास...’ आणि पुढचा आकडाही शंभरातच. पायाचा आकडा आधी दिल्याशिवाय वाढ किंवा घट कळत नाही.

शब्दांचंही तसंच. ‘निषिद्ध’ आणि ‘वर्ज्य’ यांना सोवळ्याचा वास आहे, ते वाचून चूक झाल्यासारखं वाटतं. ‘जन्मदोष’मध्ये दोष कुणाचा, हे सासरचे लगेच ठरवतात, ग्रहणात विळी हाती घेतली होती का हे विचारून. मी ‘जन्मजात व्यंग’ लिहिते.

उलट बाजूही सांभाळावी लागते. कोडीनबद्दल एफडीएने 2017 मध्ये अंगावर पाजणाऱ्या मातांना स्पष्ट इशारा दिला. यकृत कोडीनचं मॉर्फीन करतं, काहींमध्ये फार झपाट्याने, आणि ते दुधातून बाळाला मिळालं तर बाळाचा श्वास मंदावू शकतो. तिथे ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ असं मऊ लिहिणं गुन्हा ठरेल. तिथे ‘घेऊ नका’ हवं, आणि बाळ फार झोपाळू वाटलं, पिईना, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर ताबडतोब दवाखाना, हेही हवं. आणि ज्या काढ्याला, भस्माला पत्रकच नसतं त्याची भीती कुणालाच वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये 2011-12 साली सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं सापडलं, ते आयुर्वेदिक गोळ्यांमधून आलं होतं.

भाषांतर तपासायची नेहमीची पद्धत म्हणजे ते दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घेणं. त्यात भाचीच्या नवऱ्याचं वाक्य शंभरपैकी शंभर मिळवील. म्हणून मी आता मजकूर आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन बायकांना वाचायला देते आणि ‘कळलं का?’ असं विचारत नाही, कारण सगळ्या हो म्हणतात. विचारते, “हे वाचून तुम्ही गोळी घ्याल का? बाळाला पाजाल का?” मागच्या वेळी आयबुप्रोफेनचा मजकूर असा होता: ‘गरोदरपणाचे 20 आठवडे झाल्यावर ही गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. बाळाला अंगावर पाजत असाल तर नेहमीच्या मात्रेत घेता येते. दुधात अगदी थोडं औषध उतरतं, पाजणं थांबवू नका. बाळ कमी दिवसांचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.’ तिघींपैकी दोघी म्हणाल्या, पाजू. तिसरी, अंगणवाडी सेविका, म्हणाली, “अहो, ‘उतरतं’ नका लिहू. आमच्याकडे दूध उतरतं, विष पण उतरतं.” तो शब्द बदलून मी ‘जातं’ केला. कंपनीने ‘पाजणं थांबवू नका’ तेवढं परत काढून टाकलं.