किरकोळ की अर्जित: मधला शनिवार-रविवार कोणाच्या खात्यात?

तहसील कार्यालयात नोकरी करून अर्धवेळ कोर्स करणारे रजेचा अर्ज लिहितात, तेव्हा दरवेळी तोच घोळ होतो. किरकोळ रजा वर्षाला ८, उरली तर बुडाली. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस जमा. एवढं सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ते सोडून देतो. घोळ सुट्ट्यांच्या हिशेबात आहे.

धारणीच्या एका महसूल सहायकाचं उदाहरण घेऊ. अमरावतीच्या अभ्यासकेंद्रावर सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि जानेवारीत एकेक सत्र, गुरुवार ते मंगळवार. कामाचे दिवस प्रत्येकी चारच. किरकोळ रजेत मधले शनिवार-रविवार धरत नाहीत, म्हणून खर्च ४. अर्जित रजेत ते रजेतच मोजतात, म्हणून खर्च ६.

इथे लोक शक्कल लढवतात: गुरुवार-शुक्रवारचा एक अर्ज, सोमवार-मंगळवारचा दुसरा, म्हणजे चारच दिवस. तसं होत नाही. दोन रजांच्या मध्ये फक्त सुट्टी असेल, कामावर हजेरी नसेल, तर आस्थापनेचा लिपिक ती सलग रजाच धरतो, आणि बरोबरच करतो. रजेच्या आधीची किंवा नंतरची सुट्टी जोडून मागता येते, मधली नाही. गुरुवार-शुक्रवार किरकोळ आणि सोमवारपासून अर्जित, हेही चालत नाही. किरकोळ रजा दुसऱ्या रजेला जोडत नाहीत.

माझ्या मते सप्टेंबर-ऑक्टोबर अर्जित रजेत काढावं, त्याचे १२ दिवस. नोव्हेंबरला ४ किरकोळ. जानेवारीत नव्या वर्षाच्या ८ किरकोळ येतात, त्यातल्या ४. दोन्ही वर्षांत घरच्या अडीअडचणीला ४-४ शिल्लक राहतात. चारही सत्रं अर्जित रजेत काढली असती, तर २४ गेल्या असत्या. मात्र किरकोळ रजा सुट्ट्यांसकट एका वेळी सलग ७ दिवसांपर्यंतच धरून चला.

आता साहेबांपुढे ठेवायचं वेळापत्रक. दर महिन्याला नवा अर्ज घेऊन दारात उभं राहणं मला अजिबात पटत नाही. कोर्सची परवानगी आधी वेगळी घ्या. रजेच्या अर्जात ती गुंडाळू नका. मग चारही सत्रं एकाच पानावर मांडा: कधीपासून कधीपर्यंत, रजा कोणती, किती दिवस, जोडून मागितलेली सुट्टी, मुख्यालय सोडण्याची परवानगी आणि टेबल कोण सांभाळणार, त्याच्या सहीसह. सोबत केंद्राचं वेळापत्रक जोडा. धारणीहून बुधवारी संध्याकाळीच निघावं लागत असेल, तर तेही लिहा.

डिसेंबर मोकळा का ठेवला, हे साहेबांना सांगावं लागत नाही: नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरं जायची असतात, तेव्हा मंजूर रजाही थांबते. मार्चला वसुली. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, म्हणून प्रत्येक सत्रासमोर पर्यायी तारीखही लिहा, केंद्राची दुसरी तुकडी असेल तर तिची.