कलम ३७ लागलं म्हणजे मोर्चा बंदच?

“जमाव आणि मोर्चावर बंदी घालणारं कलम ३७(३) लागू आहे, आता मोर्चा निघूच शकत नाही ना?”

नाही. आदेश नीट वाचा. बहुतेक वेळा त्यात ‘विनापरवाना’ हा शब्द असतो, म्हणजे बंदी परवानगी न घेतलेल्या मोर्चावर असते. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार अशी बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे चालत नाही. नवा आदेश निघतो तो म्हणूनच.

समजा, सोलापुरात विडी कामगारांना चार हुतात्मा पुतळ्यापासून पूनम गेटपर्यंत जायचंय. पोलीस वेळ बदलतील, रस्ता वळवतील, स्वयंसेवकांची यादी मागतील. हे सगळं त्यांच्या अधिकारात बसतं. पण नुसतं तोंडी “जमणार नाही” ऐकून परत फिरू नका. अर्जाची पोच घ्या, नकार कारणांसह लेखी मागा. न्यायालयात बोट ठेवायचं ते त्या कारणांवरच.

याच कायद्याखालचा अहमदाबादचा एक नियम सर्वोच्च न्यायालयाने हिंमतलाल शहा खटल्यात (१९७२) रद्द केला. रस्त्यावरच्या सभेला परवानगी कोणत्या निकषावर द्यायची, हे त्यात कुठेच नव्हतं. नियमन चालेल, मनमानी नाही.

सोलापूरकरांना रिट याचिकेसाठी आता मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे. मात्र मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी धावलात, तर न्यायाधीश तरी काय करणार?