फुकट वस्तू जाहिरात कधी ठरते? मोफत नमुन्यांमागचा इतिहास

मराठी नियतकालिकांत ‘साभार पोच’ नावाचं एक छोटं सदर असे, काही ठिकाणी ते अजूनही दिसतं. प्रकाशकाने अभिप्रायासाठी पाठवलेलं पुस्तक मिळालं एवढीच नोंद त्यात छापतात: नाव, लेखक, किंमत. परीक्षण येईल की नाही आणि आलंच तर चांगलं येईल की वाईट, हा संपादकाचा प्रश्न. प्रकाशकालाही ते ठाऊक असे. पुस्तक फुकट गेलं आहे हे वाचकाला त्या नोंदीतूनच कळत असे, त्यामुळे वेगळा खुलासा करायची कुणाला गरज वाटली नाही.

वस्तू थेट ग्राहकांतल्याच कुणाला तरी पाठवायची पद्धत सुरू झाली, तेव्हा ही व्यवस्था मोडली. 2006 च्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट आणि एएमडी यांनी विंडोज व्हिस्टा घातलेले एसरचे महागडे फेरारी लॅपटॉप काही ब्लॉगर्सना घरपोच पाठवले. लिहायलाच हवं अशी अट नव्हती. तरीही गदारोळ झाला, कारण मिळालेला लॅपटॉप भेट होता हे काहींनी सांगितलं आणि काहींनी नाही. मग मायक्रोसॉफ्टने ब्लॉगर्सना वापर झाल्यावर लॅपटॉप कुणाला तरी देऊन टाका किंवा परत पाठवा असं कळवलं. आधी भेट देऊन मग ती सोडायला सांगणं हे माझ्या मते मूळ चुकीपेक्षा वाईट होतं. पार्सल निघण्याआधीच सांगायची गोष्ट टीका झाल्यावर सांगितली गेली.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर 2009 मध्ये शिफारसविषयक मार्गदर्शिका सुधारली. तिच्यातलं कुत्र्याच्या खाद्याचं उदाहरण आजही या विषयातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे. एक बाई नवं खाद्य स्वतःच्या पैशाने आणते आणि कुत्र्याची लव मऊ झाली असं ब्लॉगवर लिहिते. ही जाहिरात नाही. दुसऱ्या वेळी दुकानाचा संगणक तिची नेहमीची खरेदी पाहून तिला त्या खाद्याचं मोफत कूपन देतो आणि ती तेच लिहिते. हीदेखील जाहिरात नाही. तिसऱ्या वेळी मात्र तिने अशा योजनेत नाव नोंदवलेलं असतं, जिथे सभासदांना वस्तू फुकट मिळतात आणि हवं असेल तर त्यांनी त्यांवर लिहायचं असतं. आता तिचं तेच वाक्य जाहिरात ठरतं. खाद्य दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीही फुकटच होतं. बदललं ते देणाऱ्याच्या मनातलं कारण.

लगेच जानेवारी 2010 मध्ये ॲन टेलर या कपड्यांच्या कंपनीच्या लॉफ्ट विभागाने नव्या कपड्यांच्या पूर्वदर्शनाला ब्लॉगर्स बोलावले, त्यांना भेटी दिल्या आणि 24 तासांत पोस्ट टाकणाऱ्यांना 50 ते 500 डॉलरपर्यंतचं गिफ्ट कार्ड देऊ केलं. कमिशनने चौकशी केली, पण कारवाई केली नाही. असा कार्यक्रम पहिलाच होता, पोस्ट मोजक्याच आल्या होत्या, काहींनी भेटीचा उल्लेख केला होता आणि कंपनीने तोवर ब्लॉगर्सना भेटी देण्याबद्दल लेखी धोरण केलं होतं. चौकशीचा रोख कंपनीवर होता, ब्लॉगर्सवर नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

भारतात हा प्रश्न नियमांत आला तो 2021 मध्ये. मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलची म्हणजे ‘ॲस्की’ची इन्फ्लुएन्सर मार्गदर्शिका 14 जून 2021 पासून लागू झाली. पैसे नसले तरी फुकट वस्तू हा कंपनीशी असलेला, जाहीर करायला हवा असा ‘संबंध’च, अगदी न मागता आलेली वस्तूसुद्धा, असं तिने मानलं. ॲस्की ही उद्योगाची स्वनियमन संस्था. कायद्याचा हात तिच्याकडे नाही. तो 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याकडे आहे आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सेलिब्रिटी व इन्फ्लुएन्सरांसाठी काढलेल्या सूचनांतही भेटवस्तूंचा उल्लेख आहे. खुलासा ठळक हवा, हॅशटॅगच्या गर्दीत नको आणि व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत हवा. मराठी रीलखाली बारीक अक्षरांत इंग्रजी शब्द टाकून भागत नाही.

आपल्याकडच्या छोट्या क्रिएटर्सच्या बोलीत याला दोन शब्द आहेत: गिफ्टिंग आणि बार्टर. गोंधळ होतो तो इथेच. मेसेजमध्ये ‘गिफ्ट पाठवतोय’ असं लिहिलेलं असतं आणि पत्ता दिल्यावर पुढचा मेसेज येतो, ‘एक रील, दोन स्टोऱ्या, शुक्रवारपर्यंत’. हे गिफ्ट नाही, बार्टर आहे, म्हणजे वस्तूत दिलेला मोबदला, आणि तो मोबदला म्हणूनच आधी ठरायला हवा.

समजा, कोल्हापुरातला एक छोटा चप्पल व्यावसायिक वीस क्रिएटर्सना जोड पाठवणार आहे. एका जोडाचा खर्च 700 रुपये, पॅकिंग आणि कुरिअर 100, म्हणजे 16,000 रुपये. एकही पोस्ट आली नाही तरी चालेल, असं हे पैसे खर्चताना त्याला म्हणता यायला हवं. येत नसेल तर वीसऐवजी पाच जोड पाठवावेत. पायाचं माप विचारावं लागतं ही इथे चांगलीच सोय आहे, कारण त्या निमित्ताने संमती आपोआप घेतली जाते. माप विचारतानाच लिहावं: ‘ताई, जोड तुमचाच, परत द्यायचा नाही. व्हिडिओ करायलाच हवा असं नाही. केलात तर चप्पल भेट मिळाली आहे हे सुरुवातीलाच सांगा. मत तुमचं, आम्ही आधी बघायला मागणार नाही.’ नवी कोल्हापुरी सुरुवातीला चावते, आणि कुणीतरी ते कॅमेऱ्यासमोर म्हणणारच. तेल लावून चप्पल मऊ कशी करायची याची चिठ्ठी डब्यात घालणं हा व्यावसायिकाचा हक्क. ‘ते वाक्य काढा’ म्हणणं हा नाही. आणि दहा दिवसांनी ‘कधी टाकताय?’ असं विचारलं, की वर लिहिलेलं सगळं रद्द झालं असं समजावं.

कराची बाजू उशिरा आली. जुलै 2022 पासून आयकर कायद्यात कलम 194आर लागू झालं. व्यवसायाच्या निमित्ताने एकाच व्यक्तीला वर्षात 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला तर देणाऱ्याने 10 टक्के कर कापायचा. या कलमाबद्दलच्या सरकारी परिपत्रकात क्रिएटर्सचा प्रश्न थेट घेतला होता: मोबाईल वापरून परत केला तर तो लाभ नाही, ठेवून घेतला तर लाभ. आमच्या चप्पलवाल्याचा 700 रुपयांचा जोड या मर्यादेच्या आसपासही जात नाही. त्याला खरी झळ लागते ती जीएसटीची. नोंदणी असेल तर भेट म्हणून किंवा फुकट नमुना म्हणून दिलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. त्यामुळे हे वीस जोड वहीत वेगळे लिहून ठेवावे लागतात.

राहिला व्हिडिओ. तो क्रिएटरने स्वतः केला असेल तर हक्कही त्याचाच राहतो. चप्पल फुकट दिली म्हणून तो उचलून दुकानाच्या जाहिरातीत लावता येत नाही. तो हवा असेल तर त्याची किंमत वेगळी विचारावी, आणि बहुधा ती पैशातच द्यावी लागते.