अनोळखी हॉलसाठी प्रेझेंटेशनच्या फाइल्स तयार करणं

ज्या ठिकाणी कॉम्प्युटर कुठला, त्यात काय टाकलेलं आहे, प्रोजेक्टर जुना की नवा यातलं काहीच आधी कळत नाही, तिथे आपलं प्रेझेंटेशन जसं घरी दिसलं तसंच दिसावं म्हणून निघण्याआधी जी तयारी करतात ती म्हणजे ही. यात मुख्य कामं तीन, फाइलमध्ये फॉन्ट बसवणं, सोबत पीडीएफ प्रत ठेवणं आणि जास्तीचा पेनड्राइव्ह नेणं. इंग्रजी स्लाइड्स असतील तर यातलं अर्धं दुर्लक्ष करूनही निभतं, पण मराठी स्लाइड्सचं गणित वेगळं आहे, म्हणून ही नोंद मुख्यतः त्यांच्याबद्दल.

फॉन्ट नसला की काय होतं ते आधी बघू, कारण गडबड दोन प्रकारची असते. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असेल तर अक्षरं जात नाहीत, फक्त त्या कॉम्प्युटरवरचा दुसरा कुठलातरी फॉन्ट त्यांची जागा घेतो, बहुतेक वेळा Nirmala UI, कारण विंडोज ८ पासून तो सगळीकडे असतो. मग अक्षरांची रुंदी बदलते, एका ओळीत बसलेलं शीर्षक दोन ओळींत जातं आणि खालच्या फोटोवर चढतं. अनेकांना वाटतं Mangal तर सगळीकडे असतोच, पण विंडोज १० पासून तो वेगळ्या जास्तीच्या फॉन्ट पॅकेजमध्ये गेला, भाषा म्हणून हिंदी किंवा मराठी जोडलेली नसेल तर तो मशीनवर नसूही शकतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीसारख्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर फाइलमध्ये मुळात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, त्यांना देवनागरीचं रूप फक्त फॉन्ट देतो, आणि तो नसला की कृतिदेवमधल्या "भारत"च्या जागी पडद्यावर सरळ `Hkkjr` दिसतं. अशा वेळी हॉलमधला कॉम्प्युटरवाला भाऊ काहीच करू शकत नाही, कारण त्याच्याकडे इंटरनेट असेल तरी तो फॉन्ट इन्स्टॉल करायला अॅडमिन पासवर्ड लागू शकतो आणि तो बहुधा घरी गेलेल्या माणसाकडे असतो.

विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फॉन्ट बसवायला `File > Options > Save` मध्ये जाऊन `Embed fonts in the file` वर टिक करायची आणि फाइल परत सेव्ह करायची. खाली दोन पर्याय येतात, फक्त वापरलेली अक्षरं की सगळी अक्षरं. फाइल लहान राहते म्हणून लोक पहिला घेतात, पण आयत्या वेळी पाहुण्यांचं नाव बदललं आणि त्यातलं एखादं अक्षर आधी कुठेच वापरलेलं नसलं तर तेवढंच अक्षर वेगळ्या फॉन्टात उमटतं, त्यामुळे मराठीसाठी दुसराच घ्यावा, फाइल थोडी जड होईल तेवढंच. मात्र प्रत्येक फॉन्ट बसतोच असं नाही. फॉन्टच्या फाइलमध्येच बनवणाऱ्याने परवानगीची खूण ठेवलेली असते, तिथे मनाई असेल तर पॉवरपॉइंट सेव्ह करताना सांगतो की हा फॉन्ट सोबत ठेवता येणार नाही, आणि लोक तो मेसेज न वाचता ओके दाबतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बलू किंवा गूगलचा नोटो असे खुल्या लायसन्सचे फॉन्ट वापरले तर परवानगीची अडचण येत नाही.

टिक केली म्हणजे फॉन्ट गेला असं धरून चालू नये. तपासायची सोपी युक्ती अशी की फाइलची एक कॉपी करायची, तिच्या नावातलं `.pptx` काढून `.zip` करायचं आणि उघडायची. आत `ppt` फोल्डरमध्ये `fonts` नावाचं फोल्डर आणि त्यात `.fntdata` शेवट असलेल्या फाइल्स दिसल्या तर फॉन्ट आत आहे, फोल्डरच नसेल तर नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर फाइल उघडून बघण्याला काही अर्थ नाही, तिथे तो फॉन्ट इन्स्टॉल केलेला असतोच. आणखी एक, हॉलमध्ये मॅकवरचं जुनं पॉवरपॉइंट किंवा पॉवरपॉइंटऐवजी भलतंच सॉफ्टवेअर निघालं तर आत बसवलेला फॉन्ट तिथे वापरला जाईलच याची खात्री नाही.

म्हणून पीडीएफ. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार फाइलसोबतच जातात, पुढचा कॉम्प्युटर कसाही असो. `Save As` मध्ये पीडीएफ निवडून `Options` उघडलं की खाली `Bitmap text when fonts may not be embedded` असा पर्याय असतो, तो चालू ठेवायचा, म्हणजे जो फॉन्ट बसत नाही त्याचा मजकूर चित्र म्हणून जातो. झाल्यावर अडोबी रीडरमध्ये `Ctrl+D` दाबून `Fonts` टॅब बघायचा, प्रत्येक नावापुढे `Embedded` किंवा `Embedded Subset` असायला हवं. हॉलमध्ये रीडरमध्ये `Ctrl+L` दाबलं की पीडीएफ पूर्ण पडद्यावर येते आणि बाणाच्या बटणांनी पुढेमागे जाते.

पीडीएफची मर्यादा अॅनिमेशनची. समजा किल्ल्यांवरच्या व्याख्यानात एका स्लाइडवर आधी नकाशा, क्लिक केल्यावर त्यावर तटबंदीचा फोटो आणि मग त्यावर मजकुराची चौकट येते. पीडीएफमध्ये हे सगळं एकाच पानावर एकमेकांवर चढलेलं निघतं, नकाशा तर दिसतच नाही. उपाय कंटाळवाणा पण पक्का आहे, त्या स्लाइडच्या तीन कॉप्या करायच्या, पहिलीत फक्त नकाशा, दुसरीत फोटोसकट, तिसरीत चौकटीसकट, आणि तिन्हींमधली अॅनिमेशनं काढून टाकायची, प्रेक्षकाला फरक कळत नाही. व्हिडिओ असेल तर तो पीडीएफमध्ये चालत नाही, तो वेगळा एमपी४ करून त्याच फोल्डरात ठेवायचा.

जाता जाता आकाराचं सांगतो, पॉवरपॉइंट २०१३ पासून नवीन स्लाइड १६:९ असते, जुने प्रोजेक्टर बहुधा ४:३ चे, त्यामुळे वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि अक्षर लहान दिसतं. घाबरायचं कारण नाही, पण बारीक मजकूर मागच्या रांगेला वाचता येणार नाही हे धरून आधीच अक्षर मोठं ठेवलेलं बरं.

पेनड्राइव्ह दोन, आणि दोन्हींवर सगळं, एकावर प्रेझेंटेशन आणि दुसऱ्यावर पीडीएफ अशी वाटणी नको. दोन्ही एकाच बॅगेच्या एकाच कप्प्यात ठेवले तर दुसरा नेण्यात काही हशील नाही, एक खिशात हवा. एक FAT32 मध्ये फॉरमॅट केलेला असावा, कारण हॉलमध्ये कॉम्प्युटरच नसून टीव्हीला थेट पेनड्राइव्ह लावायचा असेल तर अनेक टीव्ही तेवढंच वाचतात, फक्त त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. दुसरा exFAT चालेल, तो विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वाचता-लिहिता येतो. टीव्हीसाठी स्लाइड्स जेपीजी म्हणूनही काढून ठेवायच्या, बऱ्याच टीव्हींना पीडीएफ कळत नाही पण फोटो कळतात. फाइलची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, `01_killa.pptx`, `02_killa.pdf` अशी, टीव्हीच्या यादीत देवनागरी नावाचे चौकोन दिसले तर ऑपरेटर भलतीच फाइल लावतो.

सार्वजनिक कॉम्प्युटरला लावलेला पेनड्राइव्ह व्हायरस घेऊन येण्याची शक्यता धरूनच चालायचं. फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसले की काहीतरी शिरलंय, त्या शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही आणि तो पेनड्राइव्ह तिथेच बाजूला ठेवायचा, दुसरा मात्र त्या मशीनला लावायचा नाही. काही बँका आणि सरकारी कार्यालयांत यूएसबी पोर्टच बंद केलेले असतात, तिथे पेनड्राइव्ह किती नेले याने फरक पडत नाही, त्यामुळे फाइल आदल्या दिवशी आयोजकांना मेल करून ठेवावी. मेलवरून उतरवलेली फाइल पॉवरपॉइंटमध्ये वर पिवळी पट्टी दाखवत उघडते, तिथलं `Enable Editing` दाबून मग स्लाइड शो सुरू करायचा.