स्पॉट लागला कधी आणि आपण मोजतोय कधीपासून : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टीव्हीवर जाहिरात लागल्यावर वेबसाइटवर आणि फोनवर किती माणसं जास्त आली, ते आम्ही मोजून देतो. दर महिन्याला दोन-तीन ग्राहकांचा फोन येतोच, आणि वाक्यही ठरलेलं असतं. "साडेसातला स्पॉट लागला, वेबसाइटवर काही हललं नाही. चॅनल बंद करू का?" आमचं उत्तरही ठरलेलं आहे : थांबा, आधी टीसी पाठवा. त्यावर पलीकडून बहुतेक वेळा येतं, "अहो, आरओ पाठवली आहे ना!"

सगळा घोळ या एका वाक्यात आहे, म्हणून हे पत्रक छापलं. ज्यांना टीव्ही जाहिरात नवीन नाही त्यांच्यासाठी ते आहे. स्पॉट म्हणजे काय, दर दहा सेकंदांवर कसा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आरओ म्हणजे तुम्ही चॅनलला दिलेली ऑर्डर. तिच्यात लिहिलेलं असतं "सायंकाळी ७ ते ८, दोन स्पॉट". कधी चॅनलचा माणूस तोंडी सांगतो, "साडेसातच्या बुलेटिनमध्ये टाकतो." पण बुलेटिनमध्ये ब्रेक कधी घ्यायचा ते बातमी ठरवते, आणि त्या ब्रेकमध्ये तुमची जाहिरात पहिली की सातवी ते लॉग लावणारा ठरवतो. प्रत्यक्षात ती किती वाजता लागली हे टेलिकास्ट सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे टीसीमध्ये असतं. बऱ्याचदा ती बिलाबरोबर महिन्याच्या शेवटी येते. तोपर्यंत ग्राहकाने आरओवरच्या वेळेवरून आलेख काढलेला असतो आणि मन मोडून घेतलेलं असतं.

दहा-पंधरा मिनिटांनी काय बिघडतं, असं वाटेल. इथे सगळंच बिघडतं. टीव्ही बघणारा माणूस जाहिरात बघून हातातला मोबाइल उचलतो, नाव शोधतो आणि साइटवर येतो, हे पहिल्या दोन-तीन मिनिटांत होतं. आठ-दहा मिनिटांत लाट ओसरते. फोन थोडे उशिरा सुरू होतात आणि थोडे जास्त वेळ चालतात. आपण मोजतो ती वस्तू एवढीशीच आहे. ती ज्या खिडकीतून दिसते ती खिडकी दहा मिनिटं सरकली, की बाहेर मोकळं मैदान दिसतं.

एक हिशोब करून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण घडतं ते असंच. समजा तुम्ही छतावर सोलर बसवता. प्रादेशिक हिंदी न्यूज चॅनलवर २० सेकंदांचा स्पॉट आहे. आरओप्रमाणे वेळ साडेसात, आणि टीसीप्रमाणे १९:४१:२०. त्या वेळी तुमच्या साइटवर दर मिनिटाला साधारण ६ नवी माणसं येतात. ७:४१ पासूनच्या मिनिटांत आली ती अशी : ७, १९, २४, १५, ११, ८, ७, ६. आठ मिनिटांत ९७. जाहिरात नसती तर आली असती ४८. म्हणजे ४९ जास्त.

आता हेच ७:३० ते ७:३७ मोजा. पुन्हा ४८च्या आसपास आकडा येईल, म्हणजे वाढ शून्य. पूर्ण तास मोजलात तरी सहज दिसणार नाही, कारण तासाला ३६० माणसं येणाऱ्या साइटवर ४०९ आली तर कोणाच्या लक्षात येतं? एवढा चढउतार पाऊस आला तरी होतो. वाढ खरी होती आणि चॅनलही चालत होतं. चुकीची होती फक्त सुरुवातीची वेळ.

"४९ हा आकडा योगायोगानेही आला असेल," असं एका ग्राहकाने विचारलं होतं आणि प्रश्न रास्त आहे. आमचा ढोबळ नियम असा : नेहमीच्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. ४८चं वर्गमूळ सुमारे ७, दुप्पट १४. म्हणजे ३४ ते ६२ हे आपलं रोजचंच हलणं. ९७ त्याच्या बरंच बाहेर आहे. पण खरी वर्दळ या नियमापेक्षा जरा जास्तच उसळते, म्हणून आम्ही त्याच वारी, त्याच वेळी, जाहिरात नसलेल्या दिवसांचे आकडेही शेजारी ठेवतो. याचसाठी काम सुरू करताना "आधी एक आठवडा नुसतं बघू द्या" म्हणतो. त्या आठवड्याचे पैसे लावतो याबद्दल कुरबूर होते, पण तो आठवडा नसेल तर ६ हा आकडा आणायचा कुठून? आणि तो आठवडा निवडताना आपल्या इंदूरचं कॅलेंडर बघतो. रंगपंचमीला गेर निघते, अनंत चतुर्दशीला झांक्या निघतात, त्या दिवशी निम्मं शहर रस्त्यावर असतं. तसले दिवस आधार म्हणून घेत नाही.

हाच नियम उलटाही वापरा. मिनिटाला एकच माणूस येत असेल तर आठ मिनिटांत ८ येणार, आणि २ ते १४ सगळंच नेहमीचं. तिथे एका स्पॉटवरून चांगलं-वाईट ठरवता येत नाही. अशा ग्राहकांना आम्ही स्पॉटनिहाय रिपोर्ट देत नाही. त्याच चॅनलचे, त्याच वेळेतले दहा-बारा स्पॉट एकावर एक ठेवून बेरीज देतो. काहींना वाटतं आम्ही काम टाळतो. टाळत नाही. जे दिसत नाही ते दिसतं म्हणून सांगायचं नाही, एवढंच.

टीसी आली तरी काम संपत नाही, कारण मग घड्याळांचा प्रश्न येतो. तीन घड्याळं एका वेळेवर असावी लागतात : चॅनलचं, वेबसाइटचं आणि फोनचं. मोठ्या चॅनलचं घड्याळ सहसा बरोबर असतं. लोकल केबल चॅनलवर मात्र जाहिरात कंट्रोल रूममधल्या एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवरून लागते आणि त्याचं घड्याळ चार मिनिटं पुढे असलं तरी कोणाचं काही अडत नाही. आपलं अडतं. ओळखायची खूण सोपी आहे. जाहिरात लागण्याच्या आधीच माणसं यायला लागली, आणि प्रत्येक स्पॉटला तेवढीच मिनिटं आधी, तर चॅनलचं घड्याळ पुढे आहे. दर वेळी सारख्याच उशिराने येत असतील तर मागे आहे. खात्री करायला आमच्या ऑफिसातला मुलगा टीव्हीसमोर बसून एक स्पॉट मोबाइलवर टिपतो. शेजारी सेकंद दाखवणारं घड्याळ ठेवलेलं असतं. जुनाट पद्धत वाटेल, पण याहून पक्की आम्हाला सापडली नाही. डीटीएच आणि केबलमध्ये काही सेकंदांचा फरक असतो, तो सोडून देतो. मोबाइलवर लाइव्ह बघणाऱ्यांकडे मात्र तीच जाहिरात अर्धं-पाऊण मिनिट उशिराही पोचू शकते, म्हणून लाट थोडी पसरट दिसते.

वेबसाइटचं घड्याळ ही वेगळीच गंमत. सर्व्हरच्या लॉगमध्ये वेळेपुढे `+0000` असेल तर ती आपली वेळ नाही, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ७:४२ची उसळी तिथे दुपारी २:१२ला दिसते, आणि ग्राहक दुपारच्या उसळीचं श्रेय भलत्याच कशाला तरी देऊन मोकळा होतो. गूगल अॅनालिटिक्समध्ये प्रॉपर्टीचा टाइम झोन साइट बनवणाऱ्याने लावलेला असतो आणि कधी अमेरिकेतलाच राहून गेलेला असतो. तो आज बदललात तर आजपासून पुढचंच बदलतं, मागचे आकडे तसेच राहतात. म्हणून पहिला स्पॉट लागायच्या आधी बघून घ्या. आणि आम्हाला तासाचा रिपोर्ट पाठवू नका. मिनिटाचा हवा, त्यासाठी `dateHourMinute` घ्यावं लागतं. ते जमत नसेल तर बघण्याची परवानगी द्या, आम्ही काढून घेऊ.

फोनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे नुकसान मोजण्यात तर होतंच, धंद्यातही होतं. त्याच सोलरच्या उदाहरणात समजा ऑफिसात फोन घेणारे दोघं आहेत. रात्री ते सांगतात, "सहा फोन आले." नेहमी दहा मिनिटांत दोन येतात, म्हणजे चार जास्त. पण टेलिफोन सेवेच्या लॉगमध्ये ७:४२ ते ७:५२ या वेळात २३ कॉल लागलेले दिसतात, १५ वेगवेगळ्या नंबरांवरून. सहा उचलले गेले, बाकीचे वाजून थांबले किंवा एंगेज मिळाले. यात दोन चुका एकमेकींच्या उलट दिशेने ओढतात. उचललेलेच मोजले तर जाहिरात दुबळी दिसते. लागलेले सगळे मोजले तर एकच माणूस चार वेळा डायल करतो आणि जाहिरात उगाच दणकट दिसते. म्हणून आम्ही नंबर मोजतो, आणि एक नंबर एकदाच. इथे १५मधून नेहमीचे २ वजा करा, १३ राहिले. आलेख चढून मग वरून सपाट झालेला दिसला, तर समजा लाइन भरल्या होत्या. चॅनलला दोष देण्याआधी त्या दहा मिनिटांपुरता तिसरा माणूस बसवा. न उचललेल्या नंबरांची यादी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवतो. काही ग्राहकांना सगळ्या रिपोर्टपेक्षा ती यादीच जास्त कामाची वाटते, आणि त्यांचं चुकत नाही.

टीव्हीवरचा नंबर वेगळा ठेवा. दुकानाच्या पाटीवरचा, व्हिजिटिंग कार्डावरचा नंबरच जाहिरातीत दिलात तर जुने ग्राहकही त्यातच मिसळतात.

तसंच, स्पॉटच्या आगेमागे अर्धा तास एसएमएस किंवा व्हॉट्सअॅपचा मोठा मेसेज सोडू नका. मेसेजचीही लाट मिनिटांतच येते आणि मग दोन्ही लाटा वेगळ्या काढता येत नाहीत. दोन चॅनलवर एकाच ब्रेकच्या वेळी स्पॉट घेतलेत तर तेच होतं. मध्ये निदान पंधरा मिनिटं असू द्या. चॅनलवाला म्हणेल वेळ आमच्या हातात नाही. खरंय, पण एका चॅनलला ७ ते ८ आणि दुसऱ्याला ९ ते १० एवढं तर आरओवर लिहिता येतं.

या मोजणीत काय येत नाही, तेही सांगून ठेवतो. जाहिरात बघून रविवारी बायकोला घेऊन शोरूममध्ये आलेला माणूस यात नाही. तीन आठवड्यांनी नाव आठवून शोधणारा नाही. सोलर, फर्निचर, कोचिंग अशा विचार करून घ्यायच्या गोष्टींत तोच माणूस महत्त्वाचा असतो. तेव्हा स्पॉटला १,८०० रुपये लागले आणि ४९ माणसं जास्त आली, म्हणजे माणशी सुमारे ३७ रुपये, हा आकडा जाहिरातीची एकूण किंमत म्हणून धरू नका. या चॅनलचा ३७ आणि त्या चॅनलचा ९० अशी तुलना करायला, सकाळची वेळ चांगली की रात्रीची हे ठरवायला, तो उपयोगी आहे. तुलनेतही दोन्हीकडे तीच जाहिरात हवी. एकीकडे १० सेकंदांची नंबर नसलेली आणि दुसरीकडे ३० सेकंदांची नंबर असलेली लावून चॅनलची परीक्षा घेता येत नाही.

नव्या ग्राहकांच्या पहिल्या दहा स्पॉटांची वेळजुळणी आम्ही पैसे न घेता करतो, मागच्या महिन्यातले असले तरी चालतील. त्यासाठी तीन गोष्टी पाठवा : टीसी, सेकंदांसकट आणि एक्सेलमध्ये (मोबाइलवर काढलेल्या फोटोत 3 आणि 8 सारखेच दिसतात); वेबसाइटचे मिनिटानुसार आकडे; आणि न उचललेल्या कॉलसकट फोनचा लॉग. चॅनल टीसीला उशीर करत असेल तर पुढच्या आरओवरच लिहून द्या की टीसी दर सोमवारी मेलवर हवी. ऑर्डर देताना मागितलं तर चॅनलवाले देतात, बिल चुकतं केल्यावर मागितलं तर शोधून सांगतो म्हणतात.